भुईगावची खारफुटी आणि चाचणी-नमुन्याचा आकार : एका संख्याशास्त्रीय प्रश्नाचा इतिहास

१. प्रश्नाचे स्वरूप

वसई तालुक्यातील भुईगाव हे अरबी समुद्राच्या काठचे गाव. या किनारपट्टीत भरतीच्या पाण्याने भिजणारी तिवराची बने, वाळूच्या पट्ट्यावरील सुरूची झाडे, खाजणे, भातखाचरे आणि वाड्या ही सर्व थोड्याथोडक्या अंतरावर एकमेकांस लागून आढळतात. येथे उभ्या असलेल्या माणसाला तिवर कोणते आणि सुरू कोणते हे सांगावे लागत नाही. परंतु आकाशातून घेतलेल्या चित्रात ही दोन्ही झाडे हिरवी दिसतात आणि अवरक्त प्रकाश दोन्ही भरपूर परावर्तित करतात. पावसाळ्याच्या अखेरीस पाण्यात उभे असलेले भातही ओल्या जमिनीवरील तिवरासारखेच दिसू शकते. म्हणून उपग्रहचित्रातील प्रत्येक बिंदूला ‘कांदळवन’ किंवा ‘इतर’ असे नाव देणारी कोणतीही वर्गीकरण-पद्धती काही ठिकाणी चुकणारच. ती किती चुकते, हे ठरविण्यासाठी किती ठिकाणी पडताळा घ्यावा, हा प्रस्तुत निबंधाचा विषय होय.

हा प्रश्न केवळ अभ्यासिकेतील नाही. मुंबई उच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २००५ रोजी बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुपच्या याचिकेवर अंतरिम आदेश देऊन राज्यभरातील कांदळवनांच्या तोडीस मनाई केली, त्यांच्याभोवतालच्या पन्नास मीटरांच्या पट्ट्यात बांधकाम व भराव करण्यास बंदी घातली आणि उपग्रहचित्रांच्या साहाय्याने त्यांचे नकाशे करविण्याचे निर्देश दिले. ते काम महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राकडे आले. १७ सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निर्णयाने हे संरक्षण कायम झाले. तेव्हापासून नकाशावरील एका रंगाचा अर्थ जमिनीवरील एक हक्क किंवा एक निर्बंध असा झाला आहे. सुरूच्या बागेला तिवर म्हटले तर मालकाच्या हातापायांत विनाकारण बेडी पडते. तिवराला पडीक जमीन म्हटले तर त्यावर भराव पडण्यास वाट मोकळी होते. नकाशाची अचूकता सांगणारा आकडा ज्या नमुन्यावरून काढला, तो नमुनाच अपुरा असेल, तर दोन्ही पक्षांना त्या आकड्याचा काहीच आधार उरत नाही.

२. शिकवणीचा नमुना आणि परीक्षेचा नमुना

वर्गीकरणाचे गणित जुने आहे. रोनाल्ड फिशर यांनी १९३६ मध्ये आयरिस फुलांच्या पाकळ्यांच्या मापांवरून जाती ओळखण्याची रेषीय विभेदक रीत मांडली. त्या काळी, आणि पुढेही बरीच वर्षे, ज्या नमुन्यांवरून नियम बसविला त्याच नमुन्यांवर तो लावून चुका मोजण्याचा प्रघात होता. ज्या विद्यार्थ्याला प्रश्नपत्रिका आधीच दाखविली आहे, त्याच्या गुणांवरून त्याचे ज्ञान मोजण्यासारखेच हे झाले. नियम जितका लवचिक, तितका तो आपल्या नमुन्यातील अपघाती विशेषही आत्मसात करतो आणि तितकी ही मोजणी अधिक फसवी ठरते.

यावरील उपाय, म्हणजे काही नमुने बाजूला राखून ठेवणे व नियम बसविताना त्यांना हात न लावणे, हा होय. परंतु त्याबरोबर एक नवा प्रश्न उभा राहिला: उपलब्ध नमुन्यांपैकी किती शिकवणीस द्यावे आणि किती परीक्षेस राखावे? बेल दूरध्वनी कंपनीच्या संशोधन-पत्रिकेत डब्ल्यू. एच. हायलीमन यांनी १९६२ मध्ये आकृती-ओळखीच्या प्रयोगांची रचना व विश्लेषण या विषयावर निबंध प्रसिद्ध केला. त्यात परीक्षेच्या निकालाकडे नाणेफेकीसारखा द्विपद प्रयोग म्हणून पाहिले होते. प्रत्येक राखून ठेवलेला नमुना एकतर बरोबर ओळखला जातो किंवा चुकतो. तेव्हा खरी अचूकता p आणि नमुने n असतील, तर मोजलेल्या अचूकतेची प्रमाण त्रुटी √(p(1−p)/n) इतकी असते.

या एका सूत्रातून पुष्कळ काही निघते. खरी अचूकता सुमारे ८५ टक्के असेल आणि ती ९५ टक्के विश्वासाने पाच टक्क्यांच्या आतबाहेर मोजावयाची असेल, तर सुमारे १९६ नमुने लागतात. तीच दोन टक्क्यांच्या आतबाहेर हवी असेल, तर सुमारे १,२२५ लागतात. त्रुटी निम्मी करण्यास नमुना चौपट करावा लागतो. लोकसंख्या किंवा क्षेत्र किती मोठे आहे याचा या हिशेबात जवळजवळ संबंध येत नाही. एका गावाच्या नकाशाला आणि एका जिल्ह्याच्या नकाशाला एकाच काटेकोरपणासाठी जवळपास तितकेच बिंदू लागतात. गावासाठी कमी बिंदू पुरतील, ही समजूत म्हणूनच चुकीची आहे.

३. नकाशांच्या क्षेत्रातील वाद

लँडसॅट मालिकेतील पहिला उपग्रह जुलै १९७२ मध्ये सोडला गेला आणि भूमिवापराचे नकाशे यंत्राने करण्याची लाट आली. अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या १९७६ च्या एका अहवालात जेम्स अँडरसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा नकाशाची अचूकता किमान ८५ टक्के असावी, असा दंडक सांगितला. तो आजवर टिकून राहिला आहे. भारतीय वन सर्वेक्षणाचा २०२१ चा अहवाल प्रसिद्ध झाला, तेव्हाही वन व वनेतर या भेदाची अचूकता ९५·७९ टक्के असल्याचे सांगताना तिची तुलना याच ८५ टक्क्यांशी केली गेली.

दंडक ठरला, पण तो पार झाला हे कसे ठरवावे? जे. एल. व्हॅन गेंडेरेन आणि बी. एफ. लॉक यांनी १९७७ मध्ये एक साधा युक्तिवाद केला. समजा, नकाशातील एखाद्या वर्गाची खरी अचूकता ८५ टक्केच आहे. त्यातील वीस बिंदू तपासले, तर सर्वच्या सर्व बरोबर येण्याची शक्यता ०·८५ चा विसावा घात, म्हणजे सुमारे ३·९ टक्के इतकी असते. म्हणून वीसपैकी वीस बरोबर आल्यास अचूकता ८५ टक्क्यांहून अधिक आहे, असे पुरेशा खात्रीने म्हणता येते. ९० टक्क्यांच्या दंडकासाठी याच न्यायाने तीस बिंदू पुरतात.

युक्तिवाद निर्दोष आहे, पण त्याची एक बाजू झाकलेली राहते. नकाशा खरोखर चांगला, म्हणजे ९५ टक्के अचूक आहे असे धरा. तरीही वीसपैकी वीस बरोबर येण्याची शक्यता केवळ ३६ टक्के असते. म्हणजे ही कसोटी तीनपैकी जवळजवळ दोन वेळा चांगल्या नकाशालाही अनुत्तीर्ण ठरवील. १९७९ मध्ये ए. एम. हे यांनी वर्गागणिक पन्नासांहून कमी बिंदू घेणे समाधानकारक नाही, असे दाखविले. त्याच वर्षी एम. ई. जिनेव्हन यांनी ही समस्या कारखान्यातील माल तपासणीच्या चौकटीत बसविली. वाईट नकाशा स्वीकारला जाण्याचा धोका हा वापरणाऱ्याचा धोका, आणि चांगला नकाशा नाकारला जाण्याचा धोका हा करणाऱ्याचा धोका. नमुन्याचा आकार दोन्ही धोक्यांच्या मर्यादा आधी ठरवूनच निश्चित केला पाहिजे. भुईगावच्या संदर्भात या दोन धोक्यांना चेहरा आहे: एक तिवराच्या वाट्याला येतो, दुसरा जमीनधारकाच्या.

अक्षर-ओळखीच्या क्षेत्रात हाच विचार १९९८ मध्ये निराळ्या वाटेने पुढे गेला. इझाबेल गीयाँ, जॉन मखूल, रिचर्ड श्वार्ट्झ आणि व्लादिमीर वॅपनिक यांनी चाचणी-संचाच्या आकारावर निबंध लिहून एक सुटसुटीत नियम दिला: अपेक्षित चुकीचे प्रमाण p असेल, तर सुमारे 100/p नमुने घ्यावेत. चुकीचे प्रमाण एक टक्का असेल तर दहा हजार, पाच टक्के असेल तर दोन हजार. अर्थ असा की, आकडा विश्वासार्ह होण्यास सुमारे शंभर चुका हाती लागल्या पाहिजेत. मग ९५ टक्के विश्वासाने म्हणता येते, की खरे चुकीचे प्रमाण मोजलेल्या प्रमाणाच्या सव्वापटीहून अधिक नाही. पद्धती जसजशी सुधारते तसतशा चुका दुर्मिळ होतात आणि त्या मोजण्यास अधिक मोठा नमुना लागतो, ही वरकरणी विचित्र वाटणारी गोष्ट या नियमाने उघड केली.

४. अकोल्याच्या कापसाचा धडा

गीयाँ व सहकाऱ्यांच्या निबंधात एक अट होती: हे नमुने परस्परांपासून स्वतंत्र असले पाहिजेत. एकाच माणसाने लिहिलेली शंभर अक्षरे ही शंभर स्वतंत्र साक्षी नव्हेत. नकाशाच्या बाबतीत याच अडचणीकडे आर. जी. कॉन्गल्टन यांनी १९८८ मध्ये लक्ष वेधले. शेजारशेजारचे बिंदू बहुधा एकत्रच बरोबर येतात आणि एकत्रच चुकतात.

महाराष्ट्रात हा धडा त्याआधी चार दशके गिरविला गेला होता, तोही वर्गीकरणाचे नाव न घेता. १९४० च्या दशकात पिकांचे उत्पन्न अंदाजण्यासाठी शेतातील लहान तुकड्याची कापणी करून पाहण्याची पद्धत भारतीय कृषी संशोधन परिषदेने रूढ केली. व्ही. जी. पानसे यांचे कापसावरील आरंभीचे काम अकोला जिल्ह्यात झाले. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ मध्ये जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी या पद्धतीस शास्त्रीय बैठक दिली. तीत आधी तालुक्यांतून गावे, मग गावांतून शेते आणि अखेर शेतातून एक तुकडा अशी यदृच्छ निवड होत असे. एका गावात सामान्यतः दोनच शेते घेत. एकाच गावातील शेतांची माती, पाऊस व बियाणे सारखे असल्याने तिसरे-चौथे शेत फारशी नवी माहिती देत नाही. तोच खर्च आणखी एका गावावर केला, तर त्रुटी अधिक घटते. सुखात्मे यांचा १९५४ चा नमुना-सर्वेक्षणावरील ग्रंथ हा हिशेब सविस्तर मांडतो.

हिशेब असा: प्रत्येक गुच्छात m बिंदू असतील आणि एकाच गुच्छातील बिंदूंमधील सहसंबंध r असेल, तर नमुन्याचा परिणामी आकार n/(1+(m−1)r) इतकाच राहतो. भुईगावच्या किनाऱ्यावर दहा ठिकाणी जाऊन प्रत्येक ठिकाणचे लगतचे दहा बिंदू तपासले आणि सहसंबंध ०·५ निघाला, तर शंभर बिंदूंचे मोल सुमारे अठराच ठरते. शिकवणीचे बिंदू व परीक्षेचे बिंदू जर एकाच बनातून घेतले, तर दोष आणखी गंभीर होतो. मग आकार पुरेसा असूनही परीक्षा परीक्षाच राहत नाही. नमुना वाढविल्याने ही खोट भरून निघत नाही, कारण ती यदृच्छ त्रुटी नसून एका बाजूला ओढणारी त्रुटी आहे. ती ओळखण्याची खूण सोपी आहे: संपूर्ण बने किंवा संपूर्ण गावे राखून ठेवून परीक्षा घ्यावी. मोजलेली अचूकता एकदम खाली आली, तर आधीचा आकडा उसना होता असे समजावे.

सुखात्मे यांनी तुकड्याच्या आकाराविषयी काढलेला निष्कर्षही येथे उपयोगी पडतो. प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या बंगालमधील सर्वेक्षणात कापणीचे तुकडे लहान असत. सुखात्मे यांनी दाखविले की, तुकडा फार लहान असल्यास सीमेवरची रोपे आत धरली जाऊन उत्पन्न फुगते. नकाशातही चुका काठावरच दाटतात. भारतीय वन सर्वेक्षणाने दीर्घकाळ वापरलेल्या चित्रांचा एक बिंदू सुमारे २३·५ मीटरांचा असून, एक हेक्टरपेक्षा लहान क्षेत्र त्या नकाशात स्वतंत्रपणे दाखविले जात नाही. खाडीच्या फाट्यालगत दहा मीटर रुंदीची तिवराची ओळ अशा नकाशात सहज लुप्त होते. तपासणारा जर काठावरचे संशयास्पद बिंदू टाळून बनाच्या मध्यातील ‘स्वच्छ’ बिंदूच निवडील, तर त्याला या चुका कधीच दिसणार नाहीत.

५. एक सोडविलेले उदाहरण

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ या. भुईगावसारख्या किनारपट्टीचा एक हजार हेक्टरांचा नकाशा आहे. त्यात १०० हेक्टर ‘कांदळवन’ आणि ९०० हेक्टर ‘इतर’ असे दाखविले आहे. संपूर्ण क्षेत्रातून शंभर बिंदू यदृच्छ निवडले, तर त्यांतील सुमारे दहाच कांदळवनात पडतील. दहा बिंदूंवरून त्या वर्गाविषयी काहीच निश्चित म्हणता येणार नाही. म्हणून प्रत्येक वर्ग हा एक स्तर मानून दोहोंत शंभर-शंभर बिंदू घेतले.

समजा, ‘कांदळवन’ म्हटलेल्या शंभरपैकी ९० ठिकाणी खरोखर तिवर आढळले आणि १० ठिकाणी सुरू किंवा शेत निघाले. ‘इतर’ म्हटलेल्या शंभरपैकी ९७ बरोबर निघाले आणि ३ ठिकाणी तिवर होते. क्षेत्राच्या प्रमाणात वजन देऊन एकूण अचूकता काढली, तर ती ०·१ × ०·९० + ०·९ × ०·९७, म्हणजे ९६·३ टक्के येते. हा आकडा ८५ टक्क्यांच्या दंडकापेक्षा पुष्कळ वर आहे, आणि पुष्कळ अहवाल येथेच थांबतात.

पण खरे कांदळवन किती? पहिल्या स्तरातून ९० हेक्टर आणि दुसऱ्यातून ९०० चे तीन टक्के, म्हणजे २७ हेक्टर. एकूण ११७ हेक्टर. त्यांपैकी नकाशाने टिपले ९०. म्हणजे ९६ टक्के अचूक म्हटलेल्या नकाशाने खऱ्या तिवरापैकी जवळजवळ चतुर्थांश गाळले आहे. न्यायालयीन संरक्षण ज्यासाठी आहे, नेमके तेच सुटले आहे.

आणि हे २७ हेक्टर कशावर उभे आहेत? केवळ तीन बिंदूंवर. दुसऱ्या स्तराची प्रमाण त्रुटी सुमारे १५·४ हेक्टर, पहिल्याची केवळ ३. दोन्ही मिळून सुमारे १५·७ हेक्टर. म्हणून ९५ टक्के विश्वासाने इतकेच म्हणता येईल की, कांदळवन ८६ ते १४८ हेक्टरांच्या दरम्यान आहे. या अनिश्चिततेचा जवळजवळ सारा भाग ‘इतर’ या मोठ्या, वरवर निरुपद्रवी वाटणाऱ्या स्तरातून आला आहे. कांदळवनातील बिंदू शंभरांचे दोनशे केले, तरी काही साधणार नाही.

येथे दोन मार्ग आहेत. एक, ‘इतर’ स्तरातील बिंदू १०० वरून ६०० करावे. मग त्रुटीची मर्यादा सुमारे ३१ हेक्टरांवरून १४ हेक्टरांवर येते. दुसरा मार्ग अधिक काटकसरीचा आहे. गाळलेले तिवर बहुधा भरतीरेषेलगत, नकाशातील बनांच्या काठानेच असते. तेव्हा बनांच्या कडेचा, समजा १०० हेक्टरांचा पट्टा वेगळा तिसरा स्तर धरावा आणि त्यात शंभर बिंदू तपासावे. त्यांतील २७ ठिकाणी तिवर सापडले आणि उरलेल्या ८०० हेक्टरांतील शंभर बिंदूंत एकही सापडले नाही, तर अंदाज तोच, ११७ हेक्टर राहतो, पण हिशेबातील मर्यादा सुमारे ११ हेक्टरांवर येते. तीनशे बिंदूंनी सातशे बिंदूंहून अधिक काम केले.

मात्र या दुसऱ्या मार्गातील एक मेख विसरता कामा नये. शंभर बिंदूंत एकही चूक न सापडणे म्हणजे चूक नसणे नव्हे. व्हॅन गेंडेरेन आणि लॉक यांचा युक्तिवाद येथे पुन्हा लागू पडतो: शंभरपैकी शून्य चुका आल्या, तरी तीन टक्क्यांपर्यंत चूक असू शकते, आणि ८०० हेक्टरांचे तीन टक्के म्हणजे २४ हेक्टर. सूत्र या स्तराची त्रुटी शून्य दाखविते, कारण नमुन्यात फरकच दिसला नाही. गावाआड, खाचरांच्या बांधाला एखादे तिवराचे बन असण्याचा संभव स्थानिकांकडून कळला, तर त्या स्तरातील बिंदू वाढविण्याखेरीज गत्यंतर नाही.

६. दोन वर्षांच्या आकड्यांची वजाबाकी

या विवेचनाचा उपयोग प्रसिद्ध आकडे वाचताना होतो. भारतीय वन सर्वेक्षण १९८७ पासून कांदळवनांची मोजणी करीत आहे. महाराष्ट्रातील कांदळवनाचे क्षेत्र २०१५ च्या अहवालात २२२ चौरस किलोमीटर होते, ते २०१७ च्या अहवालात ३०४ झाले. पुढे २०१९ मध्ये ते ३२० आणि २०२१ मध्ये ३२४ असे नोंदले गेले. २०१२ मध्ये राज्यात स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला होता आणि रोपणही चालू होते, हे खरे. तथापि दोन वर्षांत झालेली ८२ चौरस किलोमीटरांची वाढ आणि २०१९ ते २०२१ या काळातील चार चौरस किलोमीटरांची वाढ या दोन्हींना एकाच तऱ्हेने ‘वाढ’ म्हणता येईल काय, हे केवळ वजाबाकीतून ठरत नाही. दोन मोजण्यांच्या वजाबाकीत दोहोंच्याही त्रुटी एकत्र येतात. ३२४ मधील चार म्हणजे सव्वा टक्का. वरील उदाहरणातील गाळणूक पाहता, एका टक्क्याचा बदल खरा म्हणण्यास ‘इतर’ स्तरात किती दाट तपासणी लागेल, हे वाचकाने स्वतः करून पाहावे.

तेव्हा चाचणी-नमुन्याचा आकार किती, या प्रश्नाचे एकच उत्तर देता येत नाही. हायलीमन यांच्या सूत्राने त्याला गणिती पाया दिला. हे आणि जिनेव्हन यांनी धोके दोन असतात हे दाखविले. गीयाँ व सहकाऱ्यांनी नमुन्यांऐवजी चुका मोजावयास शिकविले. आणि अकोल्याच्या शेतांनी त्याआधीच सांगून ठेवले होते की, शेजारच्या दहा साक्षी म्हणजे दहा साक्षी नव्हेत. भुईगावच्या नकाशाचा अहवाल हाती आला, तर त्यात प्रथम एकूण अचूकतेचा आकडा न पाहता, ‘इतर’ म्हटलेल्या जमिनीवर किती ठिकाणी माणूस प्रत्यक्ष जाऊन आला आणि त्याला किती ठिकाणी तिवर सापडले, हे पाहावे. ही दोन संख्या अहवालात नसतील, तर शेकडेवारी कितीही मोठी असली, तरी सुटलेल्या तिवराविषयी तिने काहीच सांगितलेले नसते.